‘मनमिळाऊ’च्या पुढे काय लिहायचं?

प्रश्न : मी 28 वर्षांची आहे. पेणजवळ रामवाडीत राहते आणि पनवेलला एका बँकेत नोकरी करते. घरच्यांनी लग्न जुळवणाऱ्या एका संकेतस्थळावर माझं नाव नोंदवलं आहे. उंची, शिक्षण, रास, नक्षत्र, मामाकडचं आडनाव सगळं भरून झालं. ‘स्वतःबद्दल थोडक्यात’ ही चौकट तेवढी अडली आहे. मी लिहिलं ते असं : ‘मी साधी, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल मुलगी असून मला वाचन, प्रवास आणि संगीताची आवड आहे. आधुनिक विचार आणि संस्कार यांचा समतोल साधायला आवडतो. समजूतदार व निर्व्यसनी जोडीदार हवा.’ दादाला ते सपक वाटलं. त्याने लिहून दिलं : ‘बाप्पाच्या गावची राजकन्या! चहा माझं पहिलं प्रेम, दुसऱ्याची जागा रिकामी आहे. थोडी फिल्मी, थोडी खडूस, पण मनाने एकदम गोड. हिंमत असेल तरच इंटरेस्ट पाठवा!’ बाबांना पहिलं आवडलं, दादाला दुसरं, मला एकही नाही. वाचणाऱ्याला हसू येईल पण ओढूनताणून केल्यासारखं वाटणार नाही, असं चार ओळींत कसं लिहायचं? आणि तेच इन्स्टाग्रामवर चालेल का?

ता. क. उत्तर पत्राने कळवणार असाल तर मी जरा उशिरा वाचेन. सध्या बँकेतून सुटले की थेट मामांच्या गणपतीच्या कारखान्यात जाते, आखणी अंगावर आली आहे. दिवसभर सह्या पडताळायच्या आणि संध्याकाळी डोळे. नखांतला रंग निघत नाही म्हणून बँकेत सगळे चिडवतात.

— एक वाचक, रामवाडी (ता. पेण, जि. रायगड)

उत्तर : तुमचा मजकूर तुमचा लिहून झालेला आहे. तो ताज्या कलमात आहे. तिथे तुम्ही स्वतःचं वर्णन करत नव्हतात, नुसती अडचण सांगत होतात, आणि म्हणून त्या चार वाक्यांत तुम्ही जशा आहात तशा दिसता. आता त्या ओळींवर थोडं काम करायचं आहे. पण आधी तुमचे दोन्ही खर्डे का फसले ते पाहू, कारण ते समजलं की पुढचं सोपं होतं.

पहिला खर्डा : दुसऱ्याने म्हणायचं वाक्य

‘मनमिळाऊ’, ‘साधी’, ‘कुटुंबवत्सल’ हे शब्द वाईट नाहीत. ते तुमच्या तोंडचे नाहीत, एवढीच अडचण आहे. आपल्याकडे स्थळं सुचवली जात ती मध्यस्थामार्फत. आत्या, मावशी, वधू-वर सूचक मंडळातल्या बाई मुलाकडच्यांना सांगत, ‘मुलगी फार मनमिळाऊ आहे हो.’ सांगणारी व्यक्ती ओळखीची असे, तिचा शब्द विश्वासाचा असे, म्हणून त्या विशेषणाला वजन असे. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीत जागेचे पैसे पडत, म्हणून तिथेही अशी विशेषणं एकापुढे एक लावायची पद्धत पडली. जाहिरातीची भाषा तृतीयपुरुषी होती. ती पालकांनी दिलेली असे.

संकेतस्थळावरची चौकट मात्र ‘मी’ने सुरू होते. मध्यस्थाचं विशेषण ‘मी’च्या तोंडी आलं की त्याचा पुरावा नाहीसा होतो. ‘ती मनमिळाऊ आहे’ ही शिफारस, ‘मी मनमिळाऊ आहे’ हा नुसता दावा. वाचणारा त्याला खोटं म्हणत नाही, पण त्यावर थांबतही नाही. दिवसात असे पन्नास दावे तो पुढे सारतो.

यासाठी एक सोपी कसोटी आहे. आपली ओळ उचला आणि दुसऱ्या कुठल्याही स्थळाच्या नावाखाली डकवून पाहा. तिथे ती खोटी ठरली नाही तर ती तुमची नाही. ‘वाचन, प्रवास आणि संगीताची आवड’ महाडच्या इंजिनियरखाली चालेल, नागपूरच्या डॉक्टरखालीही चालेल. ‘दिवसभर सह्या पडताळते आणि संध्याकाळी गणपतीचे डोळे आखते’ ही ओळ पेण तालुक्यातसुद्धा फार थोड्या जणींच्या नावाखाली खरी ठरेल. या एकाच कसोटीने तुमचा पहिला खर्डा जवळजवळ सगळा गळून पडतो. उरतं ते ‘निर्व्यसनी’. ती तुमची खरी अट असेल तर तिची जागा अपेक्षांच्या रकान्यात आहे. तिथे ती स्पष्ट लिहा आणि इथून काढा.

दुसरा खर्डा : विनोदाचा आव

दादाच्या मजकुरात उत्साह आहे. चूक अशी की त्यातलं प्रत्येक वाक्य ‘मी मजेशीर आहे’ एवढंच सांगतं. फिल्मी, खडूस, गोड ही पुन्हा विशेषणंच आहेत, फक्त कपडे नवे. चहावरचा विनोद हजारो प्रोफाइलवर आहे. ‘बाप्पाच्या गावची’ हा तर पेणच्या माणसाला बसल्याजागी सुचणारा पहिला विचार. पेण म्हटलं की गणपती हे समोरच्यालाही ठाऊक आहे, त्यामुळे त्याला त्यातून तुमच्याबद्दल काही कळत नाही. आणि ‘हिंमत असेल तरच’ हे गमतीने लिहिलेलं असलं तरी कागदावर आवाज नसतो. ते वाचून भिडस्त पण चांगला मुलगा मागे फिरेल आणि ज्याला आव्हानाचीच हौस आहे तो आधी लिहील. तुम्हाला हवं त्याच्या बरोबर उलट.

प्रोफाइलच्या बाबतीत झालेल्या अभ्यासांचा आढावा समीर चौधरी आणि खालिद खान या दोन डॉक्टरांनी 2015 साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. औषधांच्या चाचण्या जशा तपासतात त्याच पद्धतीने त्यांनी ऑनलाइन ओळखींवरचे अभ्यास चाळले. त्यांच्या दोन सूचना तुमच्या उपयोगाच्या आहेत. पहिली : आपण विनोदी आहोत असं लिहू नका, वाचणाऱ्याला हसू येईल असं काही लिहा. दुसरी : मजकुराचा साधारण 70 टक्के भाग स्वतःबद्दल आणि 30 टक्के आपल्याला कोण हवं याबद्दल असावा. हे अभ्यास बहुतेक पाश्चात्त्य देशांतले आहेत आणि तिथे आईवडील प्रोफाइल वाचत नाहीत, हे लक्षात ठेवून त्या वापरायच्या. पण दोन्ही सूचना आपल्याकडेही लागू पडतात असं माझं ठाम मत आहे. आपल्या प्रोफाइलवर बहुतेक वेळा एकतर शंभर टक्के स्वतः असतं किंवा शंभर टक्के अटी.

आता ताजा कलम घेऊ

त्यात चार गोष्टी आहेत : सह्या, डोळे, नखांतला रंग आणि चिडवणारे सहकारी. हसू कुठे लपलं आहे? सह्या आणि डोळे यांच्या शेजारात. बँकेत तुम्ही नमुन्याची सही आणि चेकवरची सही जुळते का हे पाहता. कारखान्यात मूर्ती रंगवून झाली की शेवटी आखणी. बारीक ब्रशने आधी एक डोळा, मग दुसरा, आणि दोन्ही जुळले पाहिजेत, नजर एकाच ठिकाणी गेली पाहिजे. म्हणजे दोन्हीकडे तुमचं काम एकच आहे, दोन गोष्टी जुळतात का ते बघणं. हे तुम्हाला सुचवावं लागलं नाही, ते तुमच्या दिवसातच होतं. नैसर्गिक वाटणारा विनोद बहुतेक असाच सापडतो : आपल्याच आयुष्यातल्या दोन खऱ्या गोष्टी, ज्या एकत्र असतील असं समोरच्याला वाटलं नसतं, त्या एकाच वाक्यात शेजारी बसवायच्या.

पहिला प्रयत्न असा होईल :

*‘दिवसा बँकेत सह्या जुळतात का ते बघते आणि संध्याकाळी मामांच्या कारखान्यात गणपतीचे दोन डोळे जुळतात का ते. त्यामुळे माझी नजर फार तीक्ष्ण आहे, माझ्यापासून काही लपत नाही, हाहा!’*

पहिलं वाक्य चांगलं आहे. दुसऱ्याने ते मारलं. तिथे विनोद समजावून सांगितला आहे, वर स्वतःला प्रमाणपत्र दिलं आहे आणि शेवटी हसायची आठवण करून दिली आहे. ओढूनताणून केल्यासारखं वाटतं ते नेमकं अशा दुसऱ्या वाक्यामुळे. म्हणून उद्गारचिन्हं, हसरे चेहरे आणि ‘गंमत केली हं’ आधी खोडा, मग जे उरेल त्याला स्वतःच्या पायावर उभं राहता येतं का ते पाहा.

दुसरा प्रयत्न :

*‘दिवसा बँकेत सह्या जुळतात का ते बघते, गणपतीच्या दिवसांआधी संध्याकाळी मामांच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. सह्यांवरून लोक वाद घालतात. गणपतीने अजून तक्रार केलेली नाही.’*

इथे वळण शेवटच्या पाच शब्दांत आहे आणि ते आलं की वाक्य संपतं. स्वतःबद्दल एकही विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याला बरंच कळतं. ही मुलगी नोकरी करते, हाताने काहीतरी बारीक काम करते, मामांच्या घराशी तिचं जाणंयेणं आहे, आणि कामावरच्या कटकटीकडे ती हसून पाहते. ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द न लिहिता तो अर्थ पोचला, कारण मामांचा कारखाना आला. बाबांची काळजी इथे मिटेल असं वाटतं.

यातला गणपतीचा विनोद कुणाला खटकेल का, हेही बघायला हवं. मला वाटतं नाही, कारण हसू मूर्तीवर नाही, आपल्या कामावर आहे. विनोदाचं टोक कुणाकडे आहे ते नेहमी तपासा. ते सहकाऱ्यांकडे, आधी नकार दिलेल्या स्थळांकडे किंवा ‘आजकालच्या मुलांकडे’ वळलं की वाचणारा स्वतःला त्यांच्या जागी ठेवून पाहतो. ते सारखं स्वतःकडेच वळलेलं असेल, म्हणजे ‘स्वयंपाकात शून्य, झोपेत अव्वल’ अशा थाटात, तर ते नम्रतेपेक्षा धास्तीसारखं वाचलं जातं. खऱ्या उणिवेचा उल्लेख एकदाच आणि कारणासकट पुरतो. तो आपण अपेक्षांच्या भागात करणार आहोत.

उरलेले 30 टक्के

‘समजूतदार जोडीदार हवा’ ही ओळ वरच्या कसोटीवर टिकत नाही. असमजूतदार कुणालाच नको असतो. ‘विनोदबुद्धी असलेला’ असं लिहावं का, असंही काही जण विचारतात. 2006 साली ब्रेसलर, मार्टिन आणि बॅलशाइन या संशोधकांच्या अभ्यासात दिसलं होतं की विनोदाला बाई आणि पुरुष दोघंही महत्त्व देतात, पण बायकांना हसवणारा जोडीदार हवा असतो आणि पुरुषांना आपल्या विनोदावर हसणारी. ते निरीक्षण प्रत्येकाला लागू नसेल, पण एवढं खरं की ‘विनोदबुद्धी’ लिहिली की वाचणारे दोघे दोन वेगळे अर्थ घेतात. त्यापेक्षा सोबत राहताना रोज काय घडेल ते लिहा. तुमच्या ताज्या कलमात तेही आहे :

*‘श्रावणात माझ्या नखांत रंग असतो आणि घरी यायला उशीर होतो. तेवढं ज्याला चालेल आणि जमल्यास एखाद्या रविवारी मूर्ती उचलायला हात लावेल, अशा माणसाशी ओळख व्हायला आवडेल.’*

ही अट आहे, पण अटीसारखी वाचली जात नाही. लग्नानंतरही आखणी सोडायची नाही हे त्यातून स्पष्ट कळतं. ज्याच्या घरी ते चालणार नाही तो आत्ताच बाजूला होईल, आणि त्यात दोन्ही घरांचे कांदेपोहे वाचतील. ‘टाइमपास करणाऱ्यांनी संपर्क करू नये’ अशा ओळींनी टाइमपासवाले थांबत नाहीत; नेमक्या ओळीने मात्र पुष्कळ जण आपापले गळतात.

शेवटी बोलणं सुरू करायला एक धागा सोडा. पहिला निरोप काय पाठवायचा हे समोरच्यालाही सुचत नसतं, म्हणून ‘हाय’ येतं. तुमच्या भागातली सोपी गोष्ट म्हणजे पापड : *‘पेणच्या पापडांत पोह्याचा की उडदाचा, यावर आमच्या घरी मतभेद आहेत. तिसरं मत ऐकायला आवडेल.’* याला एका ओळीत उत्तर देता येतं आणि उत्तर देणाऱ्याचा स्वभाव थोडा कळतो. तुमच्या घरी हा वाद खरंच नसेल तर जो खरा वाद आहे तो घाला. प्रोफाइलमधली प्रत्येक गंमत पाहण्याच्या कार्यक्रमात विचारली जाते, आणि तिथे ‘ते आपलं असंच लिहिलं होतं’ म्हणावं लागलं तर आधीचं सगळं लिखाण संशयात येतं.

आता सगळं सलग :

*‘पेणजवळ राहते, पनवेलला बँकेत नोकरी करते. दिवसा सह्या जुळतात का ते बघते, गणपतीच्या दिवसांआधी संध्याकाळी मामांच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. सह्यांवरून लोक वाद घालतात. गणपतीने अजून तक्रार केलेली नाही. श्रावणात माझ्या नखांत रंग असतो आणि घरी यायला उशीर होतो. तेवढं ज्याला चालेल आणि जमल्यास एखाद्या रविवारी मूर्ती उचलायला हात लावेल, अशा माणसाशी ओळख व्हायला आवडेल. पेणच्या पापडांत पोह्याचा की उडदाचा, यावर आमच्या घरी मतभेद आहेत. तिसरं मत ऐकायला आवडेल.’*

हे मोठ्याने वाचा. जिथे तुमची जीभ अडेल तो शब्द माझा आहे, तुमचा नाही, तो बदला. ‘आवडेल’ दोनदा आलं आहे, बोलताना ते खटकलं तर एक काढा. गमतीचं वळण मात्र दोनच ठिकाणी आहे, तक्रारीत आणि पापडात. तिसरं घालू नका. प्रत्येक ओळीत वळण आलं की वाचणारा माणूस शोधायचं सोडून पुढच्या विनोदाची वाट बघतो.

इन्स्टाग्रामवर काय?

तिथे हाच मजकूर दोन कारणांनी चालणार नाही. पहिलं कारण जागेचं. इन्स्टाग्रामच्या परिचयाला 150 चिन्हांची मर्यादा आहे, व्हॉट्सॲपच्या ‘अबाउट’ला 139. इथे मराठीत लिहिणाऱ्याची नेहमी गफलत होते, कारण यंत्र अक्षरं मोजत नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त हे प्रत्येक वेगळं मोजलं जातं. ‘संध्याकाळी’ आपल्याला चार अक्षरं दिसतात, यंत्राला दहा चिन्हं. म्हणून कागदावर लहान वाटलेली ओळ तिथे मधेच तुटते. अशा जागेसाठी एकच वाक्य ठेवा : *‘दिवसा सह्या जुळवते, संध्याकाळी गणपतीचे डोळे.’* मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून ही 44 चिन्हं होतात. पुढची जागा रिकामी राहिली तर राहू द्या.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. लग्नाच्या संकेतस्थळावर निदान नोंदणी केलेली माणसं वाचतात. इन्स्टाग्रामचं खातं खुलं असेल तर कोणीही वाचतं. रामवाडी, बँक, मामांचा कारखाना आणि आखणी एवढ्या चार गोष्टी एकत्र आल्या की पेणमधल्या कुणालाही तुमचं नाव सांगता येईल. वर ‘रामवाडीत’ऐवजी ‘पेणजवळ’ लिहिलं ते यासाठीच. बँकेचं आणि शाखेचं नाव, रोजची गाडी, एसटीचा थांबा, कारखान्याचं गाव हे दोन्हीकडे लिहू नका; खुल्या खात्यावर गावाचं नावही गाळा. विनोदाला नेमकेपणा लागतो, पण तो कामाचा आणि सवयीचा. पत्ता आणि वेळ यांनी हसू वाढत नाही, धोका तेवढा वाढतो.

घरच्यांना कसं पटवायचं?

लग्नाच्या संकेतस्थळावरचा मजकूर आधी कदाचित मुलाची आई वाचेल, हे बाबांचं म्हणणं असेल तर ते बरोबर आहे. म्हणून मजकूर टाकण्याआधी दोघींना वाचायला द्या : एक तुमच्या वयाची मैत्रीण, एक आईच्या पिढीतली बाई, समजा मावशी. मैत्रिणीला विचारा, ‘हे मी बोलल्यासारखं वाटतं का?’ मावशीला विचारा, ‘ही मुलगी कशी असेल?’ मावशीने आपणहून ‘कष्टाळू दिसते, घरची माणसं धरून आहे’ असं म्हटलं तर तोच कागद बाबांपुढे ठेवा. त्यांना हवी असलेली विशेषणं त्यात आहेतच. आता ती पुन्हा दुसऱ्याच्या तोंडून येत आहेत, आणि तिथेच ती शोभतात. दादाला सांगा, पापडाची ओळ त्याच्यामुळे राहिली, कारण गंमत हवी हा त्याचा आग्रह योग्यच होता.

आणि गणपती झाल्यावर श्रावणाची ओळ बदला. कार्तिकात वाचणाऱ्याला तेव्हाचं तुमचं संध्याकाळचं काम दिसलं पाहिजे.